मनू, सोमवारच्या भाषणाबद्दल

मनू,

तुझा मेसेज सकाळी उठल्यावर वाचला. रिव्हिजनचा शेवटचा महिना सुरू होतोय म्हणून सोमवारी वर्गासमोर तीन-चार मिनिटं बोलायचंय आणि सरांनी तुझंच नाव घेतलं! बाबा लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला निघाले होते, मी मोबाइलच काढून घेतला. खूप बरं वाटलं गं. फक्त मेसेजवर वेळ होती रात्रीचे 2.47. जाऊदे, आज त्यावर बोलणार नाहीये.

तू लिहिलंयस ते वाचलं. सुरुवात छान आहे, पण ती 'रोज सोळा तास अभ्यास' ही ओळ काढ. सोळा तास पहिल्या दिवशी होतात, दुसऱ्या दिवशी अकरा, आणि चौथ्या दिवशी पोरं स्वतःवर चिडून नुसती बसून राहतात. त्यापेक्षा एवढंच सांग की बारावीचा पेपर सकाळी 11 ला सुरू होतो आणि वाढवून दिलेली 10 मिनिटं धरून 2.10 ला संपतो. म्हणजे डोकं त्या वेळेला चालायला हवं. रोज तीनला झोपून दहाला उठणाऱ्याचं शरीर अकरा वाजता अजून अंथरुणातच असतं, मग येत असलेलं गणितही हुकतं. म्हणून रुटीन म्हणजे तास मोजणं नाही, उठायची वेळ रोज एकच, रविवारीसुद्धा. एकदम साडेपाचचा अलार्म लावून होत नाही ते, रोज पंधरा-वीस मिनिटं अलीकडे सरकवायचं. आणि रात्री नऊचा तो हॉस्टेलचा चहा बंद, त्यातलं कॅफिन दोन-तीन वाजेपर्यंत निम्मं तरी अंगात राहतं. झोपतेस ना गं नीट?

बघ, परत तिथेच आले.

दुसरी गोष्ट, नुसतं वाचणं म्हणजे रिव्हिजन नव्हे हे त्यांना दाखव, सांगू नकोस. फिजिक्सचा रोटेशनल डायनॅमिक्सच घे. बँकिंग ऑफ रोड्सचं डेरिव्हेशन तू दिवाळीत मला चार वेळा वाचून दाखवलंस, 'येतंय गं आई' म्हणालीस, आणि पुस्तक मिटून कोरा कागद दिला तर डायग्रामवरच अडलीस, N चे दोन घटक कुठे जातात तेच आठवेना. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं म्हणून येतंय असं वाटतं. तर कागदावर लिहायचं, मग पुस्तकाशी ताडायचं, जिथे अडलं तिथे लाल खूण, आणि तेवढाच भाग तिसऱ्या दिवशी परत, मग आठवड्याने परत. 2006 साली अमेरिकेत दोन मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं होतं, पाच मिनिटांनी विचारलं तर परत परत वाचणारे पुढे, पण आठवड्याने विचारलं तर स्वतःची परीक्षा घेणारे पुढे. आपला पेपर पाच मिनिटांनी नसतो ना.

आणि वेळ लावून लिहा म्हणावं. फिजिक्सचे 70 मार्क, तीन तास, म्हणजे एका मार्काला साधारण अडीच मिनिटं. तीन मार्कांचं डेरिव्हेशन सात-आठ मिनिटांत बसलं पाहिजे, तुला बारा लागत होती. आठवड्यातून दोनदा तरी 11 ते 2 अख्खा पेपर, मोबाइल वॉर्डनकडे. मधे प्रॅक्टिकल्स येतील, ते दिवस टाइमटेबलमधून आधीच वजा करा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात मागे पडल्यासारखं वाटतं आणि मग जागरणं सुरू.

लेक्चर झालं, सॉरी. शाळेत दिवसभर हेच करते आणि घरी आल्यावरही तेच. अण्णामामा बारावीला असताना आज्जी कंदील घेऊन त्याच्या उशाशी बसायची, हा झोपू नये म्हणून, आणि हा डोळे उघडे ठेवून झोपायचा. केमिस्ट्रीच्या पेपरला शेवटचा प्रश्न समोर, उत्तर पाठ, आणि पठ्ठ्याला बेंचवरच डुलकी लागली. घरात सगळे हसतात त्यावर, मला मात्र तेव्हापासून हसू येत नाही. तुझ्या डोळ्याखालची वर्तुळं मला व्हिडिओ कॉलवरही दिसतात, लाइट बंद करून बोललीस तरी.

बोलताना कागद हातात धर, पण वाच नकोस. मागच्या बाकावरच्या पोरांकडे बघ, पुढची ऐकतातच. तू पाचवीत निबंध स्पर्धेला स्टेजवर गेलीस तेव्हा ओढणीचं टोक पिळत होतीस, आता वर्ग तुझं ऐकणार आहे म्हणे.

गुळपोळ्या बाबांसोबत रविवारी पाठवतेय, तुपाची बाटली वेगळी आहे, रूममधल्या पोरींनाही दे. भाषण कसं झालं ते सांगायला फोन कर, पण साडेदहाच्या आत, नंतर केलास तर मी उचलणार नाही. उचलेन, पण रागावेन.

आई