वाचनालयाच्या पीडीएफमध्ये पुस्तक सापडतच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या सोलापुरात छोटी छोटी वाचनालयं आणि वाचनकट्टे हल्ली वेबसाइट काढतायत, चांगली गोष्ट आहे, पण त्यातल्या पुस्तकांच्या यादीबद्दल जरा बोलायचंय. मी आमच्या भागातल्या एका वाचनकट्ट्याचं रजिस्टर बघतो म्हणून हे रोज डोळ्यासमोर असतं.

यादी बहुतेक ठिकाणी पीडीएफमध्ये असते. उघडली की मस्त मराठी दिसते, पण सर्चमध्ये लेखकाचं नाव टाकलं की एकही रिझल्ट येत नाही, आणि माणूस समजतो पुस्तकच नाही. कारण असं की बऱ्याच जुन्या याद्या डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेल्या असतात. त्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटर आत इंग्रजी अक्षरांचेच कोड साठवतो, वर फक्त मराठीचं चित्र दाखवतो. तपासायला सोपं आहे, पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर पेस्ट करा, अगम्य चिन्हं आली तर बहुधा फॉन्ट जुना आहे, आणि ओळ सिलेक्टच होत नसेल तर तो नुसता स्कॅन केलेला फोटो आहे.

जुन्या फॉन्टची यादी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर आपण टाइप करतो तशा मराठीत, आणता येते, पण तशीच साइटवर चढवू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये बरोब्बर उलटं, त्यामुळे ‘निर्मिती’, ‘वर्षा’, ‘कीर्ती’ असले शब्द आधी बिघडतात. आमच्याकडे दोघं बसतात, एक रजिस्टर वाचतो, दुसरा स्क्रीन बघतो, तेव्हाच हे सापडतं.

दुसरं म्हणजे दाखल नंबर, रजिस्टरमध्ये प्रत्येक प्रतीला मिळतो तो. तो गूगल शीटमध्ये १, २, ३ असा मराठी आकड्यात टाकला तर शीट त्याला आकडा न धरता अक्षरं धरते, मग क्रम लावताना १ नंतर १०, मग १००, आणि २ कुठेतरी खाली जातो. म्हणून त्या कॉलममध्ये इंग्रजी आकडेच ठेवा. आणि एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असतील तर दोन नंबर, दोन ओळी, नाहीतर नेमकी कुठली प्रत बाहेर आहे ते कळत नाही.

आपल्याकडे अजून एक वेगळी गोष्ट आहे. पूर्व भागात तेलुगू पुस्तकं, शिवाय कन्नड, उर्दू, सगळं एकाच कपाटात. अशा पुस्तकाचं नाव त्याच्या लिपीत तर हवंच, पण शेजारी मराठी अक्षरातही हवं, कारण तेलुगू बोलणाऱ्या पण फक्त मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला ते शोधता आलं पाहिजे. त्यासाठी ‘शोध’ नावाचा एक जादा कॉलम करा आणि त्यात कुलकर्णी-कुळकर्णी अशी दोन्ही रूपं, इंग्रजी स्पेलिंग, सगळं भरा.

आता सगळ्यात काळजीची बाब. पुस्तक आत आहे की बाहेर हे साइटवर दिसावं असं सगळ्यांनाच वाटतं, बरोबरच आहे, पण त्यासाठी देवघेवीची शीटच उघडी करू नका. एका साइटवर (नाव घेत नाही) पुस्तकापुढे सभासदाचं नाव आणि मोबाइल नंबर दिसत होता. त्यात बायकांचे नंबरही होते, मला फार वाईट वाटलं. गूगल शीटमध्ये ‘Publish to web’ करताना आधी ‘Entire Document’ निवडलेलं असतं, तिथे फक्त यादीचं पान निवडावं लागतं. आणि कॉलम नुसता लपवून भागत नाही, शेअर केलेल्या शीटची कॉपी काढली की लपवलेलं पुन्हा दाखवता येतं. सभासदांची फाइलच वेगळी ठेवा, साइटच्या यादीत फक्त ‘आहे’ किंवा ‘बाहेर’ एवढंच, आणि यादी शेवटची कधी बघितली ती तारीख.

नियमही उदाहरण देऊन लिहा. आमचा असा आहे, पुस्तक १५ दिवस, उशीर झाला तर रोज १ रुपया. म्हणजे ३ जूनला नेलं तर १८ जूनपर्यंत आणायचं, २४ ला आणलं तर ६ रुपये. १८ ला वाचनालय बंद असेल तर दुसऱ्या दिवशी चालतं, दंड नाही. आणि दंड पुस्तकाच्या किमतीच्या वर कधीच जात नाही, हे वाक्य आम्ही मुद्दाम ठळक केलंय, कारण दोन-तीन महिने उशीर झालेली माणसं भीतीनेच पुस्तक परत आणत नाहीत. अनामत रक्कम सोडून जाताना कधी आणि कशी परत मिळते तेही तिथेच लिहा, त्यावरून काउंटरवर नेहमी वाद होतात.

आमची कोरी शीट, सगळ्या कॉलमसकट, मी पेन ड्राइव्हवर आपल्या ऑफिसात आणून द्यायला तयार आहे, कुठल्या वाचनालयाला हवी असेल तर त्यांनी तिथून घ्यावी.

आपला,
एक वाचक, सोलापूर