जुने शब्दकोश हवेत, आणि न हसता वाचणारी माणसंही

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी चार ते सहा या वेळेत आठवी ते दहावीची मुलं जमतात आणि थापा मारतात. हा आमचा अधिकृत कार्यक्रम आहे. त्यासाठी तुमच्याकडून काही वस्तू हव्या आहेत. कशाला, ते कळायला आधी खेळ सांगावा लागेल.

सहा ते आठ जण गोल बसतात. एकजण जाडजूड शब्दकोश उघडून कुणालाच माहीत नसलेला शब्द शोधतो आणि तेवढाच मोठ्याने वाचतो. खरा अर्थ तो गुपचूप चिठ्ठीवर उतरवतो. बाकीचे आपापल्या चिठ्ठीवर कोशात शोभेल असा खोटा अर्थ रचतात. सगळ्या चिठ्ठ्या मिसळून दोनदा वाचायच्या, मग प्रत्येकाने खरा वाटेल त्या अर्थाला मत द्यायचं. खरा ओळखला तर दोन गुण. तुमच्या थापेला जितकी मतं, तितके गुण तुम्हाला. कुणालाच ओळखता आला नाही, तर दोन गुण शब्द काढणाऱ्याला.

मागच्या महिन्यात शब्द निघाला ‘बेगमी’. नववीतल्या एका मुलीने लिहिलं, ‘स्त्री. बेगमेच्या दालनातली दासी.’ तीन मतं मिळाली. दुसऱ्याने लिहिलं, ‘खूप श्रीमंती.’ एकही मत नाही. त्याला राग आला, म्हणून दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहिल्या. तिने लिंग लिहिलं होतं, मूळ शब्द ओळखीचा ठेवला होता आणि अर्थ अगदी नेमका, एका वस्तूला लागेल असा दिला होता. ‘खूप’ हा शब्द कोशाच्या भाषेतला नाही, हे त्याचं त्यालाच दिसलं. खरा अर्थ पुढच्या दिवसांसाठी करून ठेवलेली साठवण. पावसाळ्याची बेगमी म्हणतो ती. पुढच्या शब्दाला, ‘वळचण’ला, त्याच मुलाने लिहिलं, ‘स्त्री. वळण घेताना वाहनाला बसणारा हिसका.’ चार मतं! (उतरत्या छपराच्या कडेखालची जागा म्हणजे वळचण, हे फ्लॅटमध्ये वाढलेल्यांना कुठून ठाऊक असणार?) आता तो शब्दाच्या शेवटी ‘ण’ आला की लिंग काय असावं, यावर वाद घालतो. व्याकरणाच्या तासाला हा विषय त्याने कधी काढला असेल असं वाटत नाही.

खेळ फसतो तो बहुतेक दोन कारणांनी. पहिलं, खरा अर्थ कोशातून जसाच्या तसा उतरवला की ‘सं.’, ‘फा.’ अशा खुणांवरून लगेच ओळखू येतो. म्हणून खरा अर्थ सोप्या शब्दांत लिहायचा आणि सगळ्या चिठ्ठ्या वाचकाने आधी मनात वाचून घ्यायच्या, म्हणजे अक्षर लावताना अडखळायला होत नाही. दुसरं, वाचणारा हसतो. न हसता वाचणं मुलांना जमत नाही, आम्हालाही क्वचितच जमतं. आणखी एक आम्ही अनुभवाने शिकलो: कुणा मोठ्या माणसाने मध्येच ‘बघा, किती शब्द शिकलात!’ म्हटलं की पुढच्या रविवारी दोन मुलं कमी येतात.

आता मागणी. छोटे शालेय कोश आमच्याकडे पुष्कळ आहेत, पण त्यात शब्दापुढे एखादाच प्रतिशब्द असतो आणि अनोळखी शब्द मिळतच नाहीत. आम्हाला लिंग, व्युत्पत्ती आणि वापर देणारे मोठे कोश हवेत. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ ते १९३८, सात विभाग) कुणाच्या माळ्यावर असेल, तर एकटादुकटा विभागही चालेल. खेळाला एका अक्षराचीही पानं पुरतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ च्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण असलं तरी, आनंदाने घेऊ. त्यातला अर्थ इंग्रजीत असतो, तो मराठीत आणताना शब्द काढणाऱ्याची चांगलीच कसोटी लागते. पुठ्ठा निखळलेला असला तरी द्या. पानं कुरतडलेली असतील, तर मात्र आधी सांगा, बाकीच्या पुस्तकांना वाळवी नको.

पैसे फक्त बांधणीसाठी हवेत. आमचे तीन खंड सुटले आहेत, बाइंडरने ९०० रुपये सांगितले आहेत. तेवढे जमले की पेटी बंद. एका बाजूने कोरे कागद आणि पेन्सिलींचे तुकडेही लागतील.

आणि महिन्यातून एक रविवार दोन तास बसून चिठ्ठ्या वाचणारी माणसं हवीत. शिक्षक असायची अट नाही. चेहरा गंभीर ठेवता यायला हवा. त्याची चाचणी खालच्या काउंटरवर संध्याकाळी पाच ते आठ, ‘वळचण’च्या जुन्या चिठ्ठ्यांवर घेतली जाईल.