परतीचा भोपळा वाघासमोर बंद पडला, त्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
परतीचे भोपळे विभाग

आत्ताच तुमच्या मदत केंद्राचा फोन ठेवला. ठेवला कसला, तिकडूनच तोडला, म्हणून हे पत्र. भोपळा कसा चालतो ते तुम्हाला समजावत बसत नाही. लेकीकडून परतणाऱ्या म्हाताऱ्यांसाठीच तो बनवता, असं तुमच्याच पत्रकावर छापलं आहे.

जाताना जंगलात मला आधी कोल्हा भेटला, पुढे वाघ. दोघांनाही रीतीप्रमाणे सांगितलं की लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. दोघांनी वाट सोडली. परतताना लेकीनं तुमचा भोपळा मागवून दिला. आत बसले, झाकण ओढून घेतलं आणि म्हटलं, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक. कोल्ह्याच्या वळणापर्यंत काही तक्रार नाही. त्यानं हटकलं, मी आतून ठरलेलं उत्तर दिलं, भोपळा उडाला. वाघाच्या टेकाडापाशी मात्र पहिलं टुणूक झालं आणि दुसरं झालंच नाही. बद्दकन बसला तो बसलाच.

का बसला, तेही सांगते. भोपळा ओला होता. तुम्ही मला लाल भोपळा पोखरून दिलात, आतला गर अंगाला लागत होता, बिया लुगड्याला चिकटल्या होत्या आणि देठाजवळ बोट दाबलं तर आत जात होतं. असा पोखरलेला लाल भोपळा थोड्याच दिवसांत आतून सडायला लागतो, हे कुठलीही बाई सांगेल. तंबोरा करणारे लोक काय करतात ते जाऊन बघा. ते दुधीच्या जातीतला जाड सालीचा भोपळा घेतात, आधी अख्खा वाळवतात, मग कापून आतलं सगळं खरवडून काढतात. उरतं ते निव्वळ कवच, हलकं आणि टणक. पूर्वी पोहायला शिकताना पोरांच्या पाठीला बांधायचे तो भोपळाही वाळलेलाच असायचा. परीक्षा सोपी आहे. बोटाच्या पेरानं ठोकायचं. वाळलेला ठणठण बोलतो, ओला नुसता बद वाजतो. तुमच्या कारखान्यात ठोकून बघणारा एकही माणूस नाही?

बंगालमधल्या गोष्टीतली म्हातारी अशीच भोपळ्यातून घरी येते, इराणातलीसुद्धा येते. पण त्यांचे भोपळे गडगडत येतात. गडगडायला काय, उतार असला की ओलासुद्धा गडगडेल, आतल्या बाईचं डोकं खाली पाय वर झालं तरी. आपला टुणूक उडतो. उडायचं तर आपटल्यावर साल दबता कामा नये, नाहीतर उडीचा सगळा जोर गरातच जिरतो. माझ्या भोपळ्याचं नेमकं तेच झालं, कारण तो ओला होता. हे मी आधी लिहिलं आहे, पुन्हा लिहिते, कारण फोनवर हे वाक्य कोणी पुरतं ऐकूनच घेतलं नाही.

आता त्या फोनबद्दल. भोपळा बंद, बाहेर वाघ, आणि मी आतून तुमचा नंबर लावलेला. बराच वेळ सनई ऐकवलीत. मग एक मुलगा बोलला.

"आपण म्हातारीच बोलताय ना?"

मी गप्प. तुमच्या माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत काय लिहिलंय? प्रवासात कोणीही विचारलं तरी आपण म्हातारी असल्याचं कबूल करू नये. "म्हातारी कशाची, कोतारी कशाची" एवढंच म्हणावं. मी म्हटलं.

"म्हणजे आपण म्हातारी नाही. मग ज्यांच्या नावावर भोपळा आहे त्यांना फोन द्या."

"अरे बाळा, बाहेर वाघ उभा आहे."

"आजी, पडताळणी झाल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. एकदा स्पष्ट म्हणा, मी म्हातारी आहे. जरा मोठ्यानं, आवाज नोंदवला जातोय."

मोठ्यानं! वाघाच्या कानापासून सालीइतक्या अंतरावर! मी ओठ न हलवता म्हटलं, हो, आहे. त्याला ऐकू आलं नाही. मग मी ओरडून म्हटलं. ते त्याला ऐकू आलं, वाघालाही आलं. नोंद झाल्याबद्दल त्यानं माझे आभार मानले आणि पुढचा प्रश्न विचारला.

"लेकीकडे तूपरोटी खाल्लीत का?"

खाल्ली म्हटलं.

"जाताना होतं त्यापेक्षा वजन वाढलं?"

वाढलं म्हटलं.

"मग आजी, हमी रद्द होते. वजन वाढलं तर तो ग्राहकाचा दोष धरतात."

साहेब, जाडजूड होऊन परतणाऱ्या बाईसाठी तुम्ही भोपळा विकता आणि ती जाडजूड झाली म्हणून हमी रद्द करता! रोडावलेली म्हातारी परत येणार असेल तर तिला भोपळा हवाय कशाला? तिला कोण खातंय? ही अट कोणी लिहिली त्याला मला एकदा बघायचं आहे. एवढ्यावर थांबला असता तरी मी सोडून दिलं असतं. पण जाता जाता म्हणाला, भोपळ्याला "चल रे" म्हटलंत तेही नियमात बसत नाही, आता त्याला आदरानं हाक मारायची असते. "चला भोपळेराव, टुणूक टुणूक" म्हणून पाहिलंत का? पाहिलं. वाघाच्या देखत पाहिलं. काही झालं नाही, कारण तो ओला होता.

वाघाबद्दल लिहायलाच हवं, कारण सगळ्या प्रकारात शब्दाला जागला तो एकटाच. बिचाऱ्याच्या बरगड्या दिसत होत्या. मी जाडजूड होऊन येते म्हटल्यावर त्यानं भूक राखून ठेवली होती, मधे कशाला तोंड लावलं नव्हतं. तुमच्या माणसाचं बोलणं त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि मग झाकण उचललं. मला वाटलं, संपलं. तर त्यानं आत पंजा घालून गर चाचपला, नाक मुरडलं आणि कपाळ लावून भोपळा टेकाडावर ढकलत नेला, मला आत घेऊन. लेकीनं बांधून दिलेली तूपरोटी मी त्याला दिली. त्यानं सगळी खाल्ली, वर तूप कमी आहे असंही सुचवलं. ते मात्र मला पटलं नाही.

मला वाईट वाटतं ते वेगळंच. लहानपणी आजीच्या मांडीवर ही गोष्ट ऐकताना प्रत्येक टुणूकला ती मला गुडघ्यावर उडवायची आणि भोपळ्यात मीच असायचे. कोल्हा फसला की टाळ्या वाजवायचे. म्हातारीनं शरीराच्या नाही, डोक्याच्या जोरावर घरी यावं, हे त्या गोष्टीत किती झकास आहे! त्याच प्रेमापोटी लेकीनं दुसरं वाहन सुचवलं तरी मी भोपळ्यावर अडून बसले. त्या नावावर तुम्ही कच्ची भाजी विकता.

मला वाळवलेल्या, ठोकून तपासलेल्या भोपळ्यातून पुढचा फेरा मोफत हवा, आणि वजनाची अट काढल्याचं लेखी हवं. नाहीतर ग्राहक आयोगात जाईन. वाघ साक्षीला यायला तयार आहे आणि तारीख सकाळची असली तर उपाशीच येईन म्हणतो. लेकीकडे जाणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांनाही मी सांगून ठेवणार आहे की भोपळ्यापेक्षा सरळ वाघाशी बोला.

उत्तर पत्रानंच पाठवा. फोन केलात तर पुस्तिकेप्रमाणे मी म्हातारी नाही.

तुमची फसलेली ग्राहक,
म्हातारी