बारा लाखांच्या उंबरठ्यावरचा उपकर: अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री

सादर नमस्कार.

आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर निवासी व्यक्तीला कर द्यावा लागत नाही. पगारदाराची ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट आधीच गेलेली असते, म्हणून त्याच्यासाठी ही मर्यादा १२,७५,००० रुपये पगाराची. मात्र हे उत्पन्न करमुक्त नाही. १२ लाखांवर ६०,००० रुपये कर लागतो आणि कलम ८७-ए खालच्या रिबेटने तो शून्यावर येतो.

लोकांची चूक होते ती पुढे. करपात्र उत्पन्न १२,१०,००० असेल, तर कर ६१,५०० रुपये. त्यातून ६०,००० वजा करून १,५०० भरायचे, असे अनेकांना वाटते. पण मर्यादा ओलांडली की रिबेट उरत नाही, तिथे मार्जिनल रिलीफ लागू होते. १२ लाखांच्या वर जेवढे कमावले, तेवढाच जास्तीत जास्त कर. म्हणजे येथे १०,००० रुपये, आणि उरलेले ५१,५०० माफ. उत्पन्न वाढत जाते तशी ही माफी आटत जाते आणि १२,७०,५८८ रुपयांच्या आसपास संपते, कारण तिथे नेहमीचा करच वरच्या रकमेएवढा होतो.

आमची तक्रार शेवटच्या पायरीबद्दल आहे. ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर रिलीफ दिल्यानंतर उरलेल्या करावर लागतो. त्यामुळे वरच्या उदाहरणात १०,००० नव्हे, १०,४०० रुपये भरावे लागतात आणि हातात ११,९९,६०० उरतात. बरोबर १२ लाख कमावणाऱ्याच्या हाती पूर्ण १२ लाख राहतात. १२,७०,००० वाल्याला कर ७०,००० आणि उपकर २,८००, म्हणजे हाती ११,९७,२००. सत्तर हजारांची पगारवाढ मिळूनही तो २,८०० रुपयांनी मागेच. हा तोटा भरून निघायला उत्पन्न साधारण १२,७४,००० पर्यंत जावे लागते. ज्या अन्यायासाठी ही सवलत आणली, त्याचाच तुकडा उपकराने परत आणला आहे.

जुन्या करप्रणालीत तर ही सवलतच नाही. तिथे ५ लाखांपर्यंत १२,५०० रुपयांचा रिबेट मिळतो, पण साठ वर्षांखालील व्यक्तीचे करपात्र उत्पन्न ५,०१,००० झाले की कर १२,७०० आणि उपकर ५०८, एकूण १३,२०८ रुपये. हजार रुपये जास्त कमावल्याची ही किंमत. विवरणपत्र भरताना बँकेचे विसरलेले व्याज सापडले, तरी एवढे घडते.

म्हणून दोन दुरुस्त्या कराव्यात. रिलीफ मोजताना उपकर धरून एकूण देय रक्कम मर्यादेवरच्या उत्पन्नापेक्षा जास्त होऊ नये, आणि ५ लाखांच्या मर्यादेलाही हाच नियम लागू व्हावा.

आपले,
काही करसल्लागार