विषय: ‘श्वास मोकळा’ तेल आणि डिफ्यूझरबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

काल दुपारी तुमच्या कस्टमर केअरशी चौथ्यांदा बोलले. पाचव्यांदा बोलणार नाही, म्हणून लिहून देते आहे.

तुमच्या बाटलीत निलगिरी, पुदिना आणि कापूर आहे. बाहेर ‘बंद छाती, दमा, सर्दी यांवर नैसर्गिक उपाय’ असं छापलंय. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला दमा आहे. सांगलीत पावसाळ्यात खिडक्या लावूनच झोपावं लागतं, म्हणून बरं वाटेल या आशेने तेलाचे तुषार हवेत सोडणारं तुमचं डिफ्यूझर मशीन घेतलं. तुमच्या पत्रकाप्रमाणे दहा थेंब टाकून साडेआठला दहा बाय दहाच्या खोलीत लावलं.

थोड्या वेळाने मुलगी म्हणाली, “आई, नाक एकदम गार आणि मोकळं वाटतंय.” मला आनंद झाला. तासाभरात ती खोकायला लागली, पण तरी म्हणत होती की मोकळं वाटतंय. डॉक्टरांनी आम्हाला पीक फ्लो मीटर दिलाय, त्यात जोरात फुंकायचं असतं. तिचा नेहमीचा सर्वांत चांगला आकडा 220. त्या रात्री आला 150, म्हणजे सत्तर टक्क्यांच्याही खाली. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदावर ऐंशी टक्क्यांखाली गेलं की स्प्रे द्यायचा आणि पन्नासच्या खाली गेलं की थेट दवाखाना गाठायचा, असं आहे. मशीन बंद केलं, दार-खिडक्या उघडल्या, स्पेसर लावून स्प्रे दिला. वीस मिनिटांनी 195.

डॉक्टरांनी जे समजावलं ते तुम्हाला माहीत असायलाच हवं, कारण माल तुमचा आहे. पुदिन्यातलं मेंथॉल नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसा जागवतं, म्हणून हवा जास्त येते असं वाटतं. श्वासनळ्या त्याने रुंद होत नाहीत. उलट ज्यांच्या नळ्या नाजूक आहेत त्यांना हेच तीव्र वास आणि तेलाचे बारीक तुषार चिडवतात, आणि नळ्या आकसतात. ही ॲलर्जीच असावी लागते असंही नाही. नुसती जळजळ पुरते. दमा असलेल्या प्रत्येकालाच होईल असं नाही, पण ज्याला होतं त्याला आतून मोकळं वाटत राहतं आणि स्प्रे घ्यायला उशीर होतो. माझ्या मुलीचं तेच झालं. मीटर नसता तर मी तिला थोपटून झोपवलं असतं.

तरी मी घाई करून तुम्हाला दोष दिला नाही. पुढचे आठ दिवस मशीन बंद, आकडा रोज 210 ते 220. उदबत्ती तर आमच्या घरात दोन वर्षं लागत नाही. गणपतीला नणंद आली, तिला माहीत नव्हतं, तिने वासासाठी मशीन लावलं. अर्ध्या तासात खोकला, आकडा 160. घरात दुसरं काहीच बदललेलं नव्हतं.

हे सगळं तुमच्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, सुरुवातीला तेल छातीतला कफ बाहेर काढतं, म्हणून खोकला येतो. दोन थेंब वाढवून बघा.” मी म्हटलं, अहो, तिचा आकडा 150 वर आला होता. तो म्हणाला, “आकडा आमच्याकडे बघत नाही मॅडम. प्रॉडक्ट नैसर्गिक आहे.” मी विचारलं, तुम्हाला मूल आहे का? त्याने फोन होल्डवर टाकला. सात मिनिटं गाणं वाजलं, मग परत येऊन म्हणाला की लव्हेंडर पाठवतो, तो सौम्य असतो. लव्हेंडरही वासाचंच तेल आहे ना? जिच्या नळ्या वासाने आवळतात तिला वास बदलून काय फरक पडणार? आणि थेंब वाढवा! खोकणाऱ्या मुलीला दोन थेंब वाढवा!

तुमच्या साइटवर दम्यावरच्या संशोधनाचा उल्लेख आहे. निलगिरीतल्या सिनिओलच्या कॅप्सूल मोठ्या माणसांना पोटातून देऊन केलेला अभ्यास आहे तो. बंद खोलीत मुलासमोर तुषार उडवण्याशी त्याचा काय संबंध? शिवाय वास थोड्या वेळाने नाकाला जाणवेनासा होतो, तेल मात्र हवेत तसंच असतं. म्हणून ‘रात्रभर चालू ठेवा’ ही तुमची सूचना तर मला सर्वांत धोक्याची वाटते.

मला कूपन नको. पूर्ण पैसे परत हवेत. बाटलीवरून ‘दमा’ हा शब्द काढा आणि त्या जागी ‘दमा किंवा नाजूक श्वासनळ्या असलेल्यांच्या खोलीत वापरू नये’ असं छापा. थेंब वाढवा असं सांगणं तुमच्या फोनवाल्यांनी आजच बंद करावं. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवेन आणि सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार मला माझ्याच जिल्ह्यात दाखल करता येते. मीटरच्या आकड्यांची वही, तुमचं पत्रक आणि अर्धी उरलेली बाटली जपून ठेवली आहे.

एक ग्राहक, सांगली