गाडीच्या नंबरातले दोन आकडे आणि साठ हजारांचा दंड

माननीय संपादक,

इचलकरंजीतून परराज्यात जाणारे ग्रे कापड मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायच्या ई-वे बिलातल्या किरकोळ चुकीमुळे रस्त्यात अडवले जाते आणि व्यापारी घाबरून मोठा दंड भरून मोकळे होतात. यंत्रमागधारकांची जीएसटीची कामे करताना हे मी वारंवार पाहतो. वास्तविक यातला बराचसा दंड कायद्याने लागूच होत नाही. म्हणून हे सविस्तर पत्र.

नुकतेच घडलेले एक प्रकरण सांगतो. सहा लाखांचे कापड, त्यावर पाच टक्क्यांप्रमाणे तीस हजार आयजीएसटी. इनव्हॉइस बरोबर, बिल्टी बरोबर, माल मोजला तर तागे तंतोतंत. ई-वे बिलात मात्र गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे ४५६२ ऐवजी ४५२६ पडले होते. तपासणी अधिकाऱ्याने जीएसटी कायद्याचे माल अडवण्याचे कलम १२९ लावले. मालक पुढे आला तर या कलमाखाली कराच्या दुप्पट, म्हणजे साठ हजार दंड होतो. "आत्ता भरा, संध्याकाळी गाडी सोडतो," असे ड्रायव्हरला सांगण्यात आले. तिकडे गिऱ्हाईक मालासाठी खोळंबलेले आणि गाडीवाला गाडी थांबल्याचे रोजचे पैसे मागत होता. अशा वेळी माणूस पैसे भरतोच.

पण १४ सप्टेंबर २०१८ चे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचे परिपत्रक क्रमांक ६४/३८/२०१८ नेमके अशा चुकांसाठीच आहे. जीएसटी क्रमांक बरोबर असून नावाच्या स्पेलिंगमधली चूक, पत्ता बरोबर असताना पिनकोडची चूक (त्यामुळे बिलाची मुदत वाढत नसेल तर), इनव्हॉइस नंबरातले किंवा गाडीच्या नंबरातले एक-दोन आकडे, अशा चुकांवर कलम १२९ ची कारवाई करू नये, असे त्यात म्हटले आहे. त्याऐवजी राज्यातल्या राज्यात जाणाऱ्या मालावर केंद्र आणि राज्याचे प्रत्येकी पाचशे, आंतरराज्य मालावर एक हजार एवढाच दंड आहे. साठ हजार कुठे आणि हजार कुठे!

यासाठी नोटिशीला उत्तर मात्र द्यावेच लागते. माल अडवल्यापासून सात दिवसांत अधिकाऱ्याने एमओव्ही-०७ ही नोटीस द्यायची असते आणि ती दिल्यापासून सात दिवसांत आदेश काढायचा असतो. नोटीस बहुतेक वेळा ड्रायव्हरच्याच हातात ठेवतात आणि मालकाला पत्ता लागेपर्यंत निम्मे दिवस गेलेले असतात. त्यामुळे ड्रायव्हरला बजावून ठेवा की हातात येईल तो प्रत्येक कागद, स्वतःच्या जबाबाच्या एमओव्ही-०१ सह, लगेच फोटो काढून पाठवायचा आणि न कळणाऱ्या मजकुरावर सही करायची नाही.

उत्तर लांबलचक नको. वरच्या प्रकरणात आम्ही आधी मालकी सांगितली. मालासोबत इनव्हॉइस असेल तर पाठवणारा किंवा घेणारा मालक मानावा, असे ३१ डिसेंबर २०१८ चे परिपत्रक सांगते. मग ई-वे बिल गाडी अडवण्याआधी तयार झाल्याची वेळ दाखवली. तीच गाडी असल्याचा पुरावा म्हणून आरसी बुक, बिल्टी आणि निघाल्यापासूनचे फास्टॅगचे टोल जोडले. अधिकाऱ्याच्याच एमओव्ही-०४ या मोजणी अहवालात माल जुळतो, हेही लिहिले. शेवटी सप्टेंबरच्या परिपत्रकातला मुद्दा उद्धृत करून सुनावणी मागितली आणि पोच घेतली. आदेश हजार रुपयांचा झाला.

ही सवलत सरसकट नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. ई-वे बिलातला गाडीच्या माहितीचा भाग-ब कोराच असेल, बिलाची मुदत संपली असेल किंवा माल जास्त निघाला, तर या परिपत्रकाचा आधार मिळत नाही. मुदत संपत आली असेल तर संपण्याआधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घ्या.

माल सोडवणे अगदीच निकडीचे असेल, तर बँक गॅरंटी देऊन सोडवता येतो. पैसेच भरावे लागले तर निषेध नोंदवून भरा आणि एमओव्ही-०९ चा कारणांसहित आदेश मागा. दंड भरला तरी असा आदेश काढणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये एएसपी ट्रेडर्स प्रकरणात सांगितले आहे. आदेशच हातात नसेल तर अपील कशावर करणार?

जीएसटी विभागाला आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे की एमओव्ही-०७ ड्रायव्हरच्या हातात देतानाच ती माल पाठवणाऱ्याच्या नोंदणीकृत ईमेलवरही पाठवावी आणि चूक सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकात बसते की नाही, हे नोटिशीत लिहिणे सक्तीचे करावे.

आपला,
एक कर सल्लागार, इचलकरंजी