मधपाळ काकांना चौथीच्या वर्गाकडून

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

परागीभवनाचा खेळ नेहमी होतो तो असा: कागदी फुलावरची रंगीत पूड मुलांनी उचलायची आणि दुसऱ्या फुलावर नेऊन टाकायची. तुम्ही आराखडा पाहिलात आणि म्हणालात, "माशी परागकण पोचवायला जात नाही, ती पोटासाठी जाते. पुडीचं नावच काढू नका."

म्हणून नर फुलाच्या मधोमध कागदाची सुरळी उभी केली, तिच्यावर पूड लावली आणि तळाशी वेष्टनातल्या लिमलेटच्या गोळ्या ठेवल्या. मुलांनी हातात जुने लोकरीचे मोजे चढवले. सूचना एकच, गोळी आणायची. हात आत गेला की मोजा सुरळीला घासणारच. मादी फुलाच्या सुरळीवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप होती आणि फुलाखाली कागदाचा इवलासा भोपळा. भोपळ्याच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी असतात, हे त्या एका भोपळ्याने सांगून टाकलं.

पुडीबद्दल तुम्ही अडून बसलात तेही बरं झालं. रांगोळी जड, वाटेतच गळते. गुलाल नाकाडोळ्यांत जातो. कॉर्नफ्लोअरमध्ये हळद मिसळली ती लोकरीला छान धरली. भोपळ्याला ही पिवळी पूड आणि कारल्याला खायचा रंग घातलेली लाल.

पहिल्या फेरीत मुलं दिसेल त्या फुलात हात घालत सुटली. भोपळ्याच्या टेपवर लाल, कारल्याच्या टेपवर पिवळं! तुम्ही शांतपणे म्हणालात, "यात फळ धरणार नाही." मग सातेरी माशी एका फेरीत बहुधा एकाच जातीच्या फुलांवर जाते हे सांगितलंत आणि दुसऱ्या फेरीला तोच नियम लावलात. या वेळी टेपा स्वच्छ एकरंगी निघाल्या. मला मात्र जास्त आवडलं ते त्यानंतरचं. नर फुलातून निघालेल्या एकाच मोज्याने ओळीने चार मादी फुलं गाठली. पहिल्या टेपवर दाट पिवळं, चौथीवर जेमतेम डाग. "पराग कमी पडले की काकडी अशी वाकडी होते," म्हणत तुम्ही पिशवीतून खरीच वाकडी काकडी काढलीत. (ती नंतर कोणी खाल्ली, ते वर्गातलं उघड गुपित आहे.)

खेळात एक उणीव राहते. लोकर फार ओढून घेते, दोन-तीन हातांत नर फूल रिकामं होतं आणि पूड पुन्हा लावावी लागते. मऊ ब्रशचे केस मोज्याला शिवून पाहावे म्हणते. तुम्हाला काय वाटतं?

आणि एक प्रश्न तुमच्यासाठी राखून ठेवलाय. एका मुलीने विचारलं, "आमच्या दोडक्याची फुलं तर संध्याकाळी उमलतात. तेव्हा माश्या घरी परतत असतील ना, मग तिथे कोण जातं?" वेल तिच्या कुंपणावरच आहे. पुढच्या खेपेला दुपारऐवजी संध्याकाळी या, पोरं टॉर्च घेऊन थांबायला तयार आहेत.

तुमचे मनापासून आभार. लोभ असावा.

आपली,
चौथीच्या वर्गाची बाई